फोटो पुसला, मुदतीने गेला की आलाच नाही?

व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेला फोटो समोरच्याच्या फोनमध्ये सापडत नाही, तेव्हा तीन शक्यता उरतात. तो कोणीतरी पुसला असेल, ठरलेली मुदत संपल्यामुळे यंत्रणेने काढून टाकला असेल किंवा तो त्या फोनपर्यंत कधी पोचलाच नसेल. वरवर पाहता तिन्हींचा परिणाम एकच, फोटो नाही. पण प्रत्येकीच्या मागे राहणाऱ्या खुणा निराळ्या असतात.

या खुणा वाचण्याआधी एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेज आणि फोटो एकत्र प्रवास करत नाहीत. पाठवणाऱ्याचा फोन आधी फोटो कुलूपबंद करून कंपनीच्या सर्व्हरवर ठेवतो. मग जो मेसेज जातो त्यात फोटोचा पत्ता, कुलपाची किल्ली, फाइलची ओळख पटवणारा सांकेतिक ठसा आणि एक धूसर लघुचित्र एवढेच असते. पोस्टमन घरी चिठ्ठी देऊन जातो, पार्सल मात्र पोस्टात जाऊन सोडवून आणायचे असते, तसा हा प्रकार. म्हणूनच ‘मिळाला’ या शब्दाचे येथे दोन अर्थ होतात, चिठ्ठी मिळाली आणि पार्सल मिळाले. बहुतेक वाद या दोहोंची गल्लत झाल्यामुळे पेटतात.

पाठवणाऱ्याच्या फोनवरच्या दोन करड्या खुणा फक्त चिठ्ठी पोचल्याचे सांगतात. त्या निळ्या झाल्या तर मेसेज पडद्यावर आला, इतकेच. फोटो उतरवून घेतला की नाही, हे या खुणा सांगत नाहीत. एकच खूण राहिली असेल तर मेसेज सर्व्हरपर्यंत गेला, पुढे नाही. समोरचा फोन बंद असेल, इंटरनेट नसेल किंवा त्याने पाठवणाऱ्याला ब्लॉक केले असेल. न पोचलेला मेसेज सर्व्हर 30 दिवस सांभाळतो आणि मग टाकून देतो. अशा वेळी ‘आलाच नाही’ हे म्हणणे शब्दशः खरे असते.

चिठ्ठी आली पण पार्सल सोडवले नाही, हा प्रकार ओळखायला सोपा आहे. चॅटमध्ये धूसर चित्र दिसते, त्यावर खाली उतरणारा बाण आणि फाइलचा आकार असतो. आपोआप डाउनलोड बंद ठेवलेल्या फोनमध्ये हे नेहमीचेच आहे. महिन्याभराने कोणी त्या बाणावर बोट ठेवले, तर सर्व्हरवरची फाइल बहुधा निघून गेलेली असते. मग व्हॉट्सअ‍ॅप पाठवणाऱ्याच्या फोनकडे ती पुन्हा मागते. तिथेही नसेल, तर फोटो परत पाठवायला सांगा, अशा आशयाची सूचना येते. येथे मुदत संपली हे खरे, पण फोटो त्या फोनमध्ये कधी आला नव्हता हेही तितकेच खरे.

फोटो उतरवून घेतल्यावर मात्र चित्र बदलते. अँड्रॉइड फोनमध्ये तो WhatsApp Images या फोल्डरमध्ये जातो. त्याच्या नावात तारीख आणि त्या दिवसाचा अनुक्रमांक असतो. पुढे कोणी तो गॅलरीतून काढला, तरी चॅटमधील ओळ जागेवर राहते. तिच्यावर बोट ठेवल्यास फाइल फोनच्या साठ्यात नसल्याची सूचना येते. एकदा आलेला आणि नंतर गेलेला फोटो ओळखण्याची ही सर्वांत चांगली खूण.

एक कल्पित उदाहरण घेऊ. एका गृहनिर्माण संस्थेतील रहिवाशाने 4 मार्च 2024 रोजी छताच्या गळतीचा फोटो सचिवांना पाठवला. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात सचिव म्हणतात, असा फोटो आलाच नव्हता. रहिवाशाच्या फोनवर दोन खुणा आहेत, पण त्याने काही सिद्ध होत नाही. सचिवांच्या चॅटमध्ये ओळ आहे, बाण नाही, आणि बोट ठेवताच फाइल नसल्याची सूचना येते. फोल्डरमध्ये त्या दिवसाचे WA0003 आणि WA0005 आहेत, मधला नाही. क्रमांकातला खंड हा एकटा पुरावा म्हणून कच्चा आहे, कारण तो इतर कारणांनीही पडू शकतो. पण लपवलेल्या फाइली दाखवण्याचा पर्याय चालू केल्यावर हे नाव दिसते:

```
.trashed-1712673000-IMG-20240304-WA0004.jpg
```

अँड्रॉइड 11 पासून अनेक फोनमध्ये गॅलरीतून पुसलेली फाइल लगेच नष्ट होत नाही. तिचे असे नामांतर होते आणि ती कचरापेटीत पडते. मधला लांब आकडा म्हणजे ती कायमची जाण्याची वेळ, 1 जानेवारी 1970 पासूनच्या सेकंदांत. हा आकडा 9 एप्रिल 2024, रात्री 8 (भारतीय वेळ) असा निघतो. कचरापेटीची ठरलेली मुदत 30 दिवसांची, म्हणजे 25,92,000 सेकंदांची. ती वजा केली की 10 मार्च, रात्री 8 ही पुसण्याची वेळ मिळते. फोटो आला होता आणि सहा दिवसांनी पुसला गेला, हे यातून स्पष्ट होते. कोणी पुसला ते मात्र कळत नाही. फोन घरातल्या दुसऱ्या कोणाच्या हाती असू शकतो, किंवा जागा मोकळी करणाऱ्या एखाद्या अ‍ॅपच्या यादीत तो फोटो आला असेल.

यंत्रणेने मुदतीने काढलेल्या फोटोची खूण जवळपास उलटी असते. आपोआप नाहीसे होणारे मेसेज 24 तास, 7 दिवस किंवा 90 दिवसांनी जातात. तेव्हा चॅटमधील ओळच जाते आणि गॅलरीत आधी उतरलेली प्रत काही वेळा मागे राहते. शिवाय ही सोय कोणी चालू केली, याची नोंद चॅटमध्ये असते. एकदाच पाहता येणारा फोटो 14 दिवसांत उघडला नाही तर बाद होतो. यंत्रणेचे काम सरसकट चालते. तिने काढले तर त्या काळातले सगळेच मेसेज गेलेले दिसतात. शेजारचे तीन फोटो ठेवून नेमका चौथाच गेला असेल, तर माणसाचा हात मानायला जागा आहे. फोन बदलल्यावर फोटोंशिवाय फक्त चॅट परत आणले गेले, तरी ओळी राहतात आणि फाइली नसतात. पण तेव्हाही जुने सगळेच फोटो एकदम गायब असतात, निवडक नव्हे.

पाठवणाऱ्याने सर्वांसाठी मेसेज काढला, तर पलीकडे This message was deleted असे लिहिलेले राहते. त्यात संशयाला जागा नसते. अवघड प्रसंग निराळाच आहे. समोरच्याने मेसेज फक्त स्वतःपुरता काढला तर ओळही जाते, आणि त्याचा फोन पाहून ‘पुसला’ व ‘आलाच नाही’ यांत फरक करता येत नाही. तेव्हा पाठवणाऱ्याच्या फोनवर मेसेज इन्फोमध्ये दिसणारी पोचल्याची वेळ निर्णायक ठरते. दुसरा आधार म्हणजे व्हॉट्सअ‍ॅप रोज रात्री फोनमध्येच ठेवते ती बॅकअपची प्रत. एका रात्रीच्या प्रतीत ओळ आहे आणि पुढच्या रात्रीच्या प्रतीत नाही, तर मधल्या दिवशी ती काढली गेली. या प्रती कुलूपबंद असतात आणि त्या उघडणे तज्ज्ञांचे काम आहे. शिवाय जुन्या प्रती थोड्याच दिवसांत नव्यांना जागा देतात.

कचरापेटीची मुदत उलटली की मूळ फोटो त्या फोनमधून परत मिळण्याची आशा जवळजवळ संपते, कारण आजच्या फोनचा साठा कुलूपबंद असतो आणि मोकळी झालेली जागा फोन स्वतःच साफ करतो. म्हणून वाद उद्भवताच पाठवणाऱ्याने मेसेज इन्फोचा स्क्रीनशॉट घ्यावा, आपल्या फोनच्या Sent फोल्डरमधली प्रत जपून ठेवावी आणि समोरच्या फोनची कचरापेटी 30 दिवसांच्या आत पाहिली जाईल, असा आग्रह धरावा.