‘युबिक्विटस’ म्हणजे सर्वव्यापी, पण अग्रलेखात किती?

स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्यांच्या वहीत ‘युबिक्विटस’ या शब्दापुढे बहुतेक वेळा एकच अर्थ लिहिलेला असतो: सर्वव्यापी. तो चुकीचा नाही. पण तेवढ्यावर इंग्रजी अग्रलेख वाचायला बसलं की वाक्य अडतं. सर्वव्यापी म्हटलं की आपल्याला परमेश्वर आठवतो, आणि अग्रलेखात हे विशेषण प्लॅस्टिकच्या पिशवीला, सीसीटीव्ही कॅमेऱ्याला, नाहीतर पुढाऱ्यांच्या वाढदिवसाच्या फ्लेक्सला लावलेलं सापडतं.

पहिला गैरसमज इथेच आहे. युबिक्विटस वस्तू एकही जागा न सोडता सगळीकडे असलीच पाहिजे, असं वाटतं. शब्दाचं मूळ पाहिलं तर तसं वाटणं साहजिक आहे. लॅटिनमध्ये ‘उबी’ म्हणजे ‘कुठे’ आणि ‘उबिक्वे’ म्हणजे ‘सर्वत्र’. ‘युबिक्विटी’ हे नाम युरोपातल्या धर्मशास्त्राच्या वादांतून रुळलं. ख्रिस्ताचं अस्तित्व एकाच वेळी सगळीकडे असू शकतं का, असा तो वाद होता, आणि तिथे ‘सगळीकडे’ याचा अर्थ अक्षरशः सगळीकडे असाच होता. पुढे शब्द मठातून बाहेर पडला आणि सैल झाला. 1830च्या दशकात राजा चौथा विल्यम याने ब्रिटिश तोफखान्याला आणि इंजिनिअर्सना ‘उबिक्वे’ हे ब्रीद दिलं, ते लढाई कुठेही झाली तरी ही माणसं तिथे असतातच म्हणून. भारतीय सैन्याच्या इंजिनिअर्स कोअरचं ब्रीद आजही ‘सर्वत्र’ हेच आहे आणि तोफखान्याचं ‘सर्वत्र इज्जत-ओ-इक्बाल’. खडकीच्या बॉम्बे सॅपर्सचा किंवा नाशिक रोडच्या तोफखाना केंद्राचा परिसर ज्यांच्या ओळखीचा आहे, त्यांनी युबिक्विटसचा हा सख्खा भाऊ नकळत वाचलेलाही असेल. या ब्रीदाचा अर्थ ‘पृथ्वीच्या प्रत्येक इंचावर’ असा कोणी घेत नाही. ‘जाल तिथे आम्ही आहोतच’, एवढंच त्यात सांगायचं असतं. संपादक हा शब्द वापरतो तो याच सैल अर्थाने: जिकडेतिकडे दिसणारा, पावलोपावली भेटणारा.

आता एक वाक्य नीट उलगडून बघू. अग्रलेखाच्या धाटणीचं हे वाक्य नमुन्यासाठी इथेच रचलं आहे: ‘द युबिक्विटस क्यूआर कोड हॅज नॉट एन्डेड द हंट फॉर लूज चेंज.’ सरळ मराठीत, जिथेतिथे चिकटवलेल्या क्यूआर कोडमुळेही सुट्ट्या पैशांची शोधाशोध संपलेली नाही. युबिक्विटसच्या आधी ‘द’ आहे, तिकडे लक्ष द्या. लेखक क्यूआर कोडची ओळख करून देत बसलेला नाही. तुम्ही तो भाजीवालीच्या टोपलीवर आणि रिक्षाच्या काचेवर पाहिलाच आहे, हे त्याने गृहीत धरलंय. 2016 साली यूपीआय आलं तेव्हाच्या अग्रलेखात हे वाक्य शोभलं नसतं, कारण तेव्हा तो कोड समजावून सांगावा लागत होता. म्हणजे वस्तू नुसती भरपूर असून भागत नाही. ती इतकी अंगवळणी पडलेली असावी लागते की आता तिच्याकडे वेगळं लक्षही जात नाही. आणि ‘द युबिक्विटस अमुक’ अशी सुरुवात झाली की पुढे बहुधा ‘तरीही’ येतो. इतकं सगळीकडे आहे, तरीही काम झालेलं नाही, किंवा इतकं सगळीकडे आहे आणि तरीही त्याची किंमत कोणी मोजलेली नाही. उताऱ्यावरच्या प्रश्नांत लेखकाचा रोख विचारतात, तो या ‘तरीही’मध्ये दडलेला असतो.

दुसरी रचना आहे ‘हॅज बिकम युबिक्विटस’. इथे लेखकाला बदल दाखवायचा असतो. पूर्वी क्वचित दिसणारी गोष्ट आता सर्रास दिसते, हा त्याचा मुद्दा. विशेषण नामाआधी आलं की ओळख गृहीत धरलेली असते आणि क्रियापदानंतर आलं की तीच गोष्ट विधान म्हणून मांडलेली असते. हा फरक लक्षात ठेवला तर अर्धा उतारा सोपा जातो.

दुसऱ्या गैरसमजामुळे गुण थेट जातात. पुष्कळ जण युबिक्विटस म्हणजे ‘लोकप्रिय’ किंवा ‘प्रसिद्ध’ असं धरून चालतात. पण पावसाळ्यातले खड्डे युबिक्विटस असतात आणि ते कोणालाच प्रिय नसतात. विरुद्धार्थी शब्द विचारला आणि पर्याय ‘अनपॉप्युलर’, ‘रेअर’, ‘युनिव्हर्सल’ आणि ‘क्लिअर’ असे आले, तर प्रश्न काढणाऱ्याने कोणासाठी कुठे सापळा लावलाय ते बघा. ‘अनपॉप्युलर’ हा प्रसिद्ध-लोकप्रिय पाठ केलेल्यांसाठी आहे. ‘क्लिअर’ हा युबिक्विटस आणि ‘ॲम्बिग्युअस’ यांत गल्लत करणाऱ्यांसाठी. विरुद्धार्थी विचारलंय हे घाईत विसरणारा ‘युनिव्हर्सल’वर खूण करतो. बरोबर उत्तर ‘रेअर’, कारण शब्दाचा संबंध आवडीनिवडीशी नसून किती ठिकाणी दिसतं याच्याशी आहे. समानार्थी विचारला तर ‘ऑम्निप्रेझेंट’ हे ठरलेलं उत्तर. तेच पर्यायांत नसेल, तर ‘एव्हरीव्हेअर’च्या अर्थाकडे जाणारा शब्द धरायचा.

‘कॉमन’ मात्र जवळचा आहे आणि म्हणूनच अधिक फसवा. सर्दी कॉमन असते, म्हणजे नेहमी होणारी, साधी. युबिक्विटसमध्ये ‘साधी’ ही छटा नाही, ‘टाळू म्हटलं तरी टळत नाही’ ही आहे. ‘रॅम्पन्ट’ हा शब्द अग्रलेखांत भ्रष्टाचाराला, कॉपीला, अवैध वाळूउपशाला लागतो, कारण त्यात मोकाट सुटल्याचा दोष आहे. युबिक्विटस स्वतः ना चांगला ना वाईट. स्मार्टफोनलाही लागतो, डासांनाही लागतो. चेष्टेचा किंवा वैतागाचा सूर वाटलाच, तर तो आजूबाजूच्या शब्दांतून आलेला असतो. सूर विचारणाऱ्या प्रश्नात केवळ या एका शब्दावरून ‘क्रिटिकल’ निवडणं म्हणूनच धोक्याचं आहे.

लिहिताना होणाऱ्या चुका थोड्या वेगळ्या. ‘युबिक्विटस एव्हरीव्हेअर’ ही द्विरुक्ती झाली, ‘सर्वत्र सगळीकडे’ म्हटल्यासारखी. ‘व्हेरी युबिक्विटस’ही खटकतं, कारण ‘सगळीकडे’च्या पुढे ‘फार’ लावायला जागाच उरत नाही. ‘ऑलमोस्ट युबिक्विटस’ मात्र चालतं आणि चांगले संपादक ते मुद्दाम लिहितात, कारण त्यांनाही ठाऊक असतं की अपवाद असतात. ‘युबिक्विटस इन इंडियन सिटीज’ असं हद्द घालून लिहिलेलंही बरोबर आहे. सगळीकडे म्हणजे त्या हद्दीत सगळीकडे.

शब्दाच्या आधी ‘अ’ येतो, ‘ॲन’ नाही. पहिलं अक्षर यू हा स्वर असला तरी उच्चार ‘य’ने सुरू होतो, जसा ‘युनिव्हर्सिटी’चा. चुका शोधण्याच्या प्रश्नात हा सापळा हमखास बसतो. उच्चारात जोर दुसऱ्या अवयवावर, ‘बिक्’वर. स्पेलिंग यू, बी, आय, क्यू, यू, आय, टी, ओ, यू, एस. क्यूनंतरचा यू घाईत गळतो. आणि ‘इनिक्विटस’ हा दिसायला जुळा भाऊ वाटणारा शब्द पूर्ण वेगळा आहे. त्याचा अर्थ अन्यायकारक. करआकारणीवरच्या अग्रलेखात हे दोन्ही एकाच परिच्छेदात येऊ शकतात: कर सगळीकडे लागतो, म्हणून युबिक्विटस, गरिबाला जास्त बोचतो, म्हणून इनिक्विटस.