चुकीचा पर्याय कुठून येतो?

जर्मन मानसशास्त्रज्ञ गेर्ड गिगेरेंझर स्त्रीरोगतज्ज्ञांना संख्याशास्त्र शिकवत असत. चाचणीचा निकाल हाती आला की त्याचा अर्थ कसा लावायचा, हा त्यांचा विषय. एका प्रशिक्षणात शिकवायला सुरुवात करण्याआधी त्यांनी १६० डॉक्टरांपुढे एक बहुपर्यायी प्रश्न ठेवला. त्याची हकीकत त्यांच्या आणि सहकाऱ्यांच्या २००७ सालच्या लेखात आहे. प्रश्न असा होता. एका भागातल्या स्त्रियांपैकी १ टक्का स्त्रियांना स्तनांचा कर्करोग आहे. कर्करोग असेल तर मॅमोग्राफी ९० टक्के वेळा पॉझिटिव्ह येते. कर्करोग नसतानाही ती ९ टक्के वेळा पॉझिटिव्ह येते. एका स्त्रीची चाचणी पॉझिटिव्ह आली आहे, तर तिला खरोखर कर्करोग असण्याची शक्यता किती? पर्याय चार होते: सुमारे ८१ टक्के, दहापैकी नऊ, दहापैकी एक आणि सुमारे १ टक्का.

बरोबर उत्तर दहापैकी एक. हजार स्त्रिया डोळ्यांसमोर आणल्या की ते सहज सापडतं. त्यांतल्या १० जणींना कर्करोग आहे आणि त्यांपैकी ९ जणींची चाचणी पॉझिटिव्ह येते. उरलेल्या ९९० निरोगी स्त्रियांपैकी ९ टक्के, म्हणजे सुमारे ८९ जणींचीही पॉझिटिव्हच येते. एकूण पॉझिटिव्ह ९८, त्यांत खरोखर आजारी फक्त ९.

हे उत्तर २१ टक्के डॉक्टरांनी दिलं. चार पर्यायांपैकी डोळे मिटून एकावर बोट ठेवलं असतं तरी २५ टक्के उत्तरं बरोबर यायला हवीत. त्याहूनही कमी बरोबर आली, याचा अर्थ डॉक्टर अंदाजाने उत्तर देत नव्हते. ते विचारच करत होते, पण त्या विचाराची वाट चुकत होती, आणि प्रत्येक चुकलेल्या वाटेच्या टोकाला एक पर्याय मांडून ठेवलेला होता.

४७ टक्के डॉक्टरांनी ‘दहापैकी नऊ’ निवडलं. आजारी स्त्रियांपैकी किती जणींची चाचणी पॉझिटिव्ह येते, हा आकडा त्यांनी पॉझिटिव्ह आलेल्यांपैकी किती जणी आजारी, या प्रश्नाला लावला. १३ टक्क्यांनी ८१ निवडलं. खोट्या पॉझिटिव्हचा विचार करायला हवा हे त्यांच्या लक्षात आलं होतं, पण त्यांनी ९० मधून ९ सरळ वजा केले. १९ टक्क्यांनी १ टक्का निवडला. आजार विरळ आहे हे त्यांनी ध्यानात ठेवलं आणि चाचणीने हाती आलेली नवी माहिती सोडून दिली. अंकगणित या तिघांचंही पक्कं होतं. तरी तिघांना समजावून सांगायची गोष्ट वेगवेगळी आहे, आणि ती कोणती हे त्यांनी निवडलेला पर्यायच सांगतो. हजार स्त्रियांची मोजणी शिकवल्यानंतर बरोबर उत्तरं ८७ टक्क्यांवर गेली.

व्याख्यानावर प्रश्न काढणाऱ्या कोणालाही या एका उदाहरणातून बरंच शिकता येतं. चुकीच्या पर्यायाला परीक्षेच्या शास्त्रात ‘डिस्ट्रॅक्टर’ म्हणतात. आपल्याकडच्या बहुतेक प्रश्नपत्रिकांत हे पर्याय शेवटी, घाईत भरलेले दिसतात. बरोबर उत्तर लिहिलं, आता आणखी तीन काहीतरी हवेत, म्हणून जवळपासची नावं किंवा मागेपुढे केलेले आकडे टाकून मोकळे व्हायचं. असा पर्याय निवडणाऱ्या विद्यार्थ्याबद्दल काहीच कळत नाही. खरा डिस्ट्रॅक्टर असा असतो की त्याच्यापर्यंत पोहोचायची एक ठरावीक, समजण्याजोगी चूक दाखवता येते. पर्याय लिहिताना त्याच्यासमोर एका वाक्यात ती चूक नोंदवता आली नाही, तर तो खोडावा असं माझं स्पष्ट मत आहे. मग तीनच पर्याय उरले तरी चालतील. मायकेल रॉड्रिगेझ यांनी २००५ मध्ये या विषयावरच्या ऐंशी वर्षांच्या संशोधनाचा एकत्रित आढावा घेतला आणि तीन पर्याय पुरेसे असतात असाच निष्कर्ष काढला.

या चुका प्रश्नकर्त्याने खुर्चीत बसून कल्पनेने शोधायच्या नसतात. अ‍ॅरिझोना स्टेट विद्यापीठात इब्राहिम हलून आणि डेव्हिड हेस्टेनिस यांनी १९८५ मध्ये गतिशास्त्राची एक चाचणी प्रसिद्ध केली. तिच्या सुरुवातीच्या आवृत्त्यांत पर्यायच नव्हते. विद्यार्थ्यांना उत्तरं लिहायला सांगितली, त्यांत पुन्हा पुन्हा दिसणाऱ्या चुकीच्या समजुती वेचल्या आणि त्यांचेच पर्याय केले. वर्गात हे अगदी सोपं आहे. व्याख्यानाच्या शेवटी तोच प्रश्न पर्यायांशिवाय फळ्यावर लिहायचा आणि प्रत्येकाकडून कागदाच्या तुकड्यावर उत्तर व दोन ओळींत कारण घ्यायचं. पुढच्या वर्षीच्या प्रश्नपत्रिकेचे पर्याय त्या कागदांतच असतात.

आता गिगेरेंझरांचं हेच व्याख्यान आपण वर्गात दिलं आहे असं धरू आणि त्यावर प्रश्न काढू. पहिला मोह होतो तोच प्रश्न परीक्षेत विचारायचा. पण वर्गात फळ्यावर सोडवलेलं गणित परीक्षेत जसंच्या तसं आलं की ते पाठांतराचं होतं. ‘दहापैकी एक’ एवढं आठवलं की मार्क मिळाला. प्रश्न विचार तपासतो की स्मरण, हे नुसत्या प्रश्नाकडे बघून ठरत नाही. व्याख्यानात काय सांगून झालं आहे, त्यावर ते ठरतं.

मूळ प्रश्नात आणखी एक अडचण आहे. खोट्या पॉझिटिव्हचं प्रमाण ९ टक्के आणि बरोबर उत्तरही ९८ पैकी ९, म्हणजे ९ टक्क्यांच्या आसपासच. दिलेल्या आकड्यांतला ९ उचलून ‘दहापैकी एक’ म्हणणाऱ्याला काहीही न समजता बरोबर उत्तर मिळू शकतं. म्हणून बरोबर उत्तर ठरलं की आधी एक तपासणी करावी: कोणतीही चुकीची वाट याच आकड्यावर येऊन पोहोचत नाही ना?

दोन्ही अडचणी एका बदलाने सुटतात. आजाराचं प्रमाण १ टक्क्याऐवजी १० टक्के करायचं आणि चाचणी तीच ठेवायची. आता हजारांत १०० आजारी, त्यांपैकी ९० पॉझिटिव्ह. ९०० निरोगी, त्यांपैकी ८१ पॉझिटिव्ह. एकूण १७१ मध्ये ९० खरे, म्हणजे सुमारे ५३ टक्के. दिलेल्या आकड्यांत ५३ कुठेच नाही. चुकीचे पर्याय मात्र आयते मिळतात. ज्याने फक्त वर्गातलं उत्तर लक्षात ठेवलं आहे तो ९ टक्के निवडेल, ज्याने दोन प्रमाणांची उलटापालट केली तो ९० आणि ज्याने वजाबाकी केली तो ८१.

याच्या पुढचा प्रश्न आकडेमोडीशिवाय विचारता येतो, आणि मला तो जास्त मोलाचा वाटतो. सरसकट सगळ्या स्त्रियांच्या शिबिरात वापरली जाणारी ही चाचणी, गाठ जाणवल्यामुळे दवाखान्यात आलेल्या स्त्रियांसाठी वापरली. त्यांच्यात आजाराचं प्रमाण दहापट आहे. मग पॉझिटिव्ह आलेल्यांत खरोखर आजारी असणाऱ्यांच्या प्रमाणाचं काय होईल? पहिल्या खर्ड्यातले पर्याय असे:

अ) ते वाढेल, कारण पॉझिटिव्हांमध्ये निरोगी स्त्रियांचा वाटा कमी होईल.
आ) ते तेवढंच राहील, कारण चाचणी तीच आहे.
इ) ते घटेल, कारण चाचणीतून निसटणाऱ्या आजारी स्त्रियांची संख्या वाढेल.
ई) ते वाढेल, कारण आजारी स्त्रीला ओळखण्याची चाचणीची क्षमता ९० टक्क्यांच्या वर जाईल.

यातला ‘इ’ फार चांगला आहे. त्यात दिलेलं कारण खरं आहे. हजारांमागे निसटणाऱ्या आजारी स्त्रिया एकीवरून दहावर जातात. पण निसटलेल्या स्त्रिया पॉझिटिव्ह आलेल्यांत मोजल्याच जात नाहीत. वाक्य खरं, पण विचारलेल्या गोष्टीशी त्याचा संबंध नाही, हे ओळखायला डोकं चालवावं लागतं. घोकून आलेल्याला खरं वाक्य दिसलं की तो थांबतो.

‘ई’ मात्र घात करतो. अभ्यासू विद्यार्थ्याला माहीत असतं की हाताला लागेल एवढी वाढलेली गाठ चाचणीत अधिक सहज सापडते. म्हणजे दवाखान्यात चाचणीची क्षमता खरंच वाढू शकते. मग ‘ई’ चूक कसा? वरकरणी बिनचूक वाटणाऱ्या प्रश्नात नेमका सर्वांत जाणकार विद्यार्थी अडकतो. उपाय दोन ठिकाणी करावा लागतो. प्रश्नातच लिहायचं की ९० आणि ९ हे दोन्ही आकडे दवाखान्यातही तेच आहेत. मग ‘ई’ निरर्थक होतो, म्हणून त्याच्या जागी नवा पर्याय आणायचा: ‘ते बरोबर दहापट होईल, कारण आजाराचं प्रमाण दहापट आहे.’ ही चूक खूप जण मनापासून करतात, आणि नऊची दहापट नव्वद, त्यामुळे आकडाही खरा वाटतो. मात्र त्याच्याबरोबर ‘अ’ मध्येही ‘वाढेल, पण दहापट नाही’ असं लिहावं लागतं, नाहीतर दोन्ही पर्याय एकाच दिशेचे म्हणून वाद होतो.

पर्यायांच्या बाहेरच्या रूपाकडेही एक नजर टाकावी. बरोबर पर्याय सर्वांत लांब आणि काळजीपूर्वक लिहिलेला, आणि चुकीच्यांत ‘नेहमी’, ‘कधीच’ असे शब्द, हे परीक्षा देऊन सरावलेली मुलं लगेच हेरतात.

प्रश्न जमला की फसला, हे परीक्षेनंतर उत्तरपत्रिकाच सांगतात. एकूण मार्कांनुसार वरचे २७ टक्के आणि खालचे २७ टक्के विद्यार्थी वेगळे काढायचे आणि कोणता पर्याय कोणत्या गटात किती जणांनी निवडला हे मोजायचं. ही पद्धत ट्रूमन केली यांनी १९३९ मध्ये मांडली आणि शंभर विद्यार्थ्यांच्या वर्गात ती वहीवरही करता येते. चुकीचा पर्याय खालच्या गटाला जास्त ओढत असेल तर तो काम करतो आहे. वरच्या गटाला जास्त ओढत असेल तर पहिल्या ‘ई’सारखी काहीतरी गफलत आहे. पाच टक्क्यांपेक्षा कमी जणांनी निवडला तर तो नुसती जागा अडवतो.

एक गोष्ट या मोजणीतून कळत नाही. ‘अ’ निवडणाऱ्याने तो कोणत्या कारणाने निवडला, हे पर्यायावरच्या खुणेतून दिसत नाही. त्यासाठी दोन ओळींच्या कारणाचा तो कागदच लागतो, आणि पाच-सहा कागद वाचले तरी पुरतात.

समजा मोजणीत दिसलं की ‘दहापट’ या पर्यायाने वर्गातल्या तिसऱ्या हिश्शाला ओढलं. मग पुढच्या तासाला व्याख्या पुन्हा सांगून उपयोग नाही. फळ्यावर हजार स्त्रियांचा तोच हिशेब तीनदा करावा लागेल, आजाराचं प्रमाण १, १० आणि ५० टक्के घेऊन. पॉझिटिव्ह आलेल्यांत खरोखर आजारी असणाऱ्यांचं प्रमाण येतं ९, ५३ आणि ९१ टक्के. पहिल्या पायरीवर आजार दहापट झाला आणि हे प्रमाण जेमतेम सहापट. दुसऱ्या पायरीवर आजार पाचपट झाला आणि प्रमाण दुप्पटही झालं नाही.