मोजा जठरातून पुढे सरकतो तेव्हा

2014 साली अमेरिकेतल्या पोर्टलंड शहरात तीन वर्षांच्या एका ग्रेट डेन कुत्र्याला उलट्या थांबेनात म्हणून डव्हलुइस या प्राण्यांच्या रुग्णालयात आणलं. एक्स-रेत जठर तट्ट फुगलेलं आणि कसल्यातरी ऐवजानं भरलेलं दिसलं. डॉक्टरांनी ऑपरेशन करून तो बाहेर काढला. ते मोजे होते, एकूण साडेत्रेचाळीस! दुसऱ्याच दिवशी कुत्रा घरी गेला.

ही बातमी जगभर कौतुकानं वाचली गेली. पण तो वाचला याचं एक मोठं कारण म्हणजे मोजे जठरातच साठून राहिले होते. जठर ताणलं जातं, बराच ऐवज सामावून घेतं. लहान आतड्याला तशी सोय नाही. मोठ्या कुत्र्याचंही ते साधारण माणसाच्या अंगठ्याएवढंच जाड असतं. म्हणून पोटात किती मोजे गेले यापेक्षा गेलेला मोजा जठरातून पुढे सरकला का, हा प्रश्न जास्त महत्त्वाचा. कधी तो जठरात आठवडेच्या आठवडे पडून राहतो आणि घरचे विसरून गेल्यावर एक दिवस आतड्यात उतरतो.

मोजा किंवा खेळण्याचा रबरी तुकडा आतड्यात अडकला, की त्याच्या मागे पाचकरस आणि वायू तुंबतात. आतडं फुगतं, ताणलेल्या भिंतीतलं रक्त खेळायचं कमी होतं, आणि तो भाग हळूहळू मरायला लागतो. मग भोक पडून आतली घाण पोटाच्या पोकळीत पसरते. मोज्याचा धागा किंवा इलॅस्टिक उसवलं असेल तर प्रकार आणखी वाईट. एक टोक जठराच्या तोंडाशी अडकतं, उरलेला धागा पुढे जातो आणि नाडी ओढल्यावर लेंग्याला चुण्या पडतात तसं आतडं त्याच्यावर गोळा होतं. ताणलेला धागा मग आतड्याची भिंत कापत जातो. म्हणूनच कुत्र्याच्या शेपटीखाली लोंबणारा धागा कधीही ओढायचा नाही.

दीड वर्षाच्या एखाद्या लॅब्राडोरचं उदाहरण घेऊ. रात्री बाल्कनीतला एक मोजा गायब होतो. सकाळी कुत्रा वाटीला तोंड लावत नाही, एकदा उलटी करतो. घरच्यांना वाटतं, अपचन झालं असेल. दुपारी तो शी करतो आणि सगळे निर्धास्त होतात. इथेच फसगत होते, कारण ती शी अडथळ्याच्या पुढे आधीच असलेल्या मळाची असू शकते. आतडं अर्धवटच बंद असेल तर जुलाबही होतात. संध्याकाळपर्यंत मात्र प्यायलेलं पाणीसुद्धा बाहेर पडायला लागतं. पाणी न टिकणं ही धोक्याची सगळ्यात ठळक खूण. तोवर कुत्रा मलूल झालेला असतो, हिरड्या कोरड्या आणि चिकट लागतात, पोटाला हात लावला की तो अंग आकसतो. काही कुत्री पुढचे पाय जमिनीला टेकवून मागचा भाग उंच धरतात. खेळायला बोलावतानाही कुत्रं असंच वाकतं, पण दुखणारं कुत्रं शेपूट हलवत नाही आणि तसंच वाकून राहतं.

अशा वेळी सकाळची वाट पाहू नये. जाताना जोडीतला उरलेला मोजा किंवा खेळण्याचा उरलेला तुकडा बरोबर न्यावा. कापड एक्स-रेत हाडासारखं किंवा धातूसारखं उठून दिसत नाही. डॉक्टर त्यात फुगलेलं आतडं आणि तुंबलेला वायू शोधतात. कमरेच्या पाचव्या मणक्याच्या उंचीच्या 1.6 पटीपेक्षा आतडं रुंद दिसलं तर अडथळ्याचा संशय बळावतो. सोनोग्राफीत चित्र बरंच स्पष्ट होतं.

मोजा गिळताना पाहिलं असेल, तर तेव्हाच निघावं. पहिल्या दोनेक तासांत तो बहुधा जठरातच असतो, आणि डॉक्टर इंजेक्शननं उलटी करवून किंवा दुर्बिणीनं तो काढू शकतात. घरी मिठाचं पाणी पाजू नये, त्यानं रक्तातलं मीठ वाढून जीव जाऊ शकतो. एरंडेल किंवा जुलाबाचं औषध देऊन मोजा खाली ढकलायला जाणंही घातक. माणसाची उलटी थांबवायची गोळी दिली तर उलट्या थांबतील, मोजा मात्र आहे तिथेच राहील आणि डॉक्टरांना दिसायची खूण तेवढी पुसली जाईल.

वेळेत आलेल्या कुत्र्याचं आतडं चिरून मोजा काढता येतो. उशीर झाला असेल तर मेलेला भाग कापून दोन टोकं जोडावी लागतात. या जोडाची खरी परीक्षा ऑपरेशननंतर तिसऱ्या ते पाचव्या दिवसाच्या सुमाराला असते. घरी आलेला कुत्रा चांगला खायला लागला असला, तरी त्या दिवसांत पुन्हा उलटी, ताप किंवा मलूलपणा दिसला तर टाके गळत असण्याची शक्यता असते. तेव्हा त्याच दिवशी त्याला परत डॉक्टरांकडे न्यावं.