तिसऱ्या गावाचा खोटा पाऊस

तालुक्यातल्या तीन गावांच्या पर्जन्यमापकांच्या नोंदी हातात आहेत आणि प्रत्येक गावाचा वेगळा स्तंभालेख करायचा आहे, असे समजू. आकडे उदाहरणापुरते घेऊ. पहिल्या गावात जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत अनुक्रमे १८०, ४२०, ३१० आणि १५० मिलिमीटर पाऊस पडला. दुसऱ्या गावात २४०, ३००, ३५० आणि ९०. तिसरे गाव डोंगराच्या पर्जन्यछायेतले, तिथे १२०, २६०, २०० आणि १७०. पायथन ही संगणकभाषा आणि तिच्यात आलेख काढण्यासाठी सर्रास वापरले जाणारे मॅटप्लॉटलिब हे साधन ज्यांना थोडेफार येते, ते हे काम चार ओळींत उरकतात:

```python
for gaav in gaave:
    plt.bar(mahine, paus[gaav], color="steelblue")
    plt.title(gaav)
    plt.savefig(gaav + ".png")
```

लूप तीनदा फिरतो, तीन चित्रे तयार होतात, चूक झाल्याची एकही सूचना येत नाही. पहिले चित्र अचूक असते. तिसरे उघडले, की वर शीर्षक तिसऱ्या गावाचे, खाली चारही महिने जागच्या जागी, स्तंभ एकाच निळ्या रंगाचे. मात्र जुलैचा स्तंभ ४२० पर्यंत चढलेला. खरा आकडा २६० आहे. जूनचा स्तंभ १२० ऐवजी २४० दाखवतो, ऑगस्टचा २०० ऐवजी ३५०. चारपैकी फक्त सप्टेंबर बरोबर, आणि तोही योगायोगाने. हा आलेख कुणी अहवालात लावला, तर कोरड्या गावाची गणना ओल्या गावांत होईल आणि चित्राकडे पाहून कुणाला शंकाही येणार नाही.

हे घडते, कारण तिन्ही आलेख एकाच फळ्यावर काढले गेले आणि मधे फळा कुणी पुसलाच नाही. मॅटप्लॉटलिबमध्ये या फळ्याला फिगर म्हणतात. फिगरच्या आत, ज्या चौकटीत प्रत्यक्ष रेघा आणि स्तंभ उमटतात, ती ॲक्सेस. `plt.bar` ही आज्ञा दिली, की साधन आधी पाहते की सध्या एखादी फिगर चालू आहे का. नसेल तर नवी उघडते, असेल तर तिच्यातच स्तंभ उभे करते. `plt.savefig` त्या क्षणी फिगरवर जे काही आहे त्याचे चित्र फाईलमध्ये उतरवते आणि थांबते. पुसणे तिच्या कामात येत नाही. त्यामुळे लूपच्या दुसऱ्या फेरीत दुसऱ्या गावाचे चार स्तंभ पहिल्या गावाच्या चार स्तंभांवर, अगदी त्याच जागी उभे राहतात. नवा स्तंभ उंच असेल तर जुना झाकला जातो, बुटका असेल तर जुन्याचे डोके वर राहते. रंग एकच असल्याने दोन्ही मिळून एकच स्तंभ दिसतो. थोडक्यात, प्रत्येक चित्र त्या गावाचा पाऊस न दाखवता त्या महिन्यातला तोवरचा सर्वांत मोठा आकडा दाखवत जाते.

शीर्षक मात्र प्रत्येक वेळी बरोबर बदलते, आणि घात इथेच होतो. ॲक्सेसला शीर्षकाची जागा एकच असते, नवे आले की जुने जाते. अक्षांच्या नावांचेही तसेच. स्तंभ आणि रेघा यांच्या मात्र याद्या असतात, त्यांच्यात भर पडत राहते. बाहेरून सगळे ताजे दिसावे आणि आतला ऐवज साठत जावा, अशी ही रचना आहे.

वरच्या आज्ञेत `color="steelblue"` लिहिलेच नसते, तर चोरी लवकर पकडली गेली असती. रंग सांगितला नाही, तर मॅटप्लॉटलिब स्वतःच्या दहा रंगांच्या मालिकेतून एकेक रंग देते: आधी निळा, मग नारिंगी, मग हिरवा. दुसऱ्या गावाचे स्तंभ नारिंगी आले असते आणि जुलै, सप्टेंबरच्या नारिंगी स्तंभांवर निळी टोके डोकावली असती. तरीही फसायला जागा उरतेच, कारण असे चित्र हुबेहूब थरांच्या स्तंभालेखासारखे दिसते आणि बघणारा दोन थरांची बेरीज करू लागतो. रेषालेखात मात्र लपवाछपवी टिकत नाही. पहिल्या चित्रात एक रेघ, दुसऱ्यात दोन, दहाव्यात दहा. गुंता लगेच डोळ्यांत भरतो. म्हणूनच या दोषाबद्दल तक्रार ऐकू येते ती बहुतेक रेषालेखांची. माझ्या मते खरा धोका एकरंगी स्तंभालेखात आहे, कारण तिथे तक्रार करण्याजोगे काही दिसतच नाही.

साधन असे का वागते, याला इतिहास आहे. जॉन हंटर हे चेताजीवशास्त्रज्ञ अपस्माराच्या रुग्णांच्या मेंदूतील विद्युतसंकेतांवर काम करत होते. ते संकेत पडद्यावर पाहण्यासाठी त्यांनी मॅटप्लॉटलिब लिहिले आणि २००३ मध्ये ते इतरांसाठी खुले झाले. आज्ञांची धाटणी त्यांनी मॅटलॅब या तेव्हाच्या प्रस्थापित व्यापारी साधनावरून घेतली. ‘चालू फिगर’ ही कल्पनाही तिथलीच. एका गोष्टीत मात्र दोन्ही साधनांच्या वाटा वेगळ्या झाल्या. मॅटलॅबमध्ये नवा आलेख काढला की जुना आपोआप पुसला जातो. तो ठेवायचा असेल तर `hold on` म्हणावे लागते. मॅटप्लॉटलिबने जुने राखून त्यावर काढत जाणे हेच मूळ वर्तन ठेवले. काही काळ त्यातही `hold` नावाची कळ होती. २०१८ मध्ये आलेल्या ३.० या आवृत्तीत ती काढून टाकली गेली. हे वर्तन गैर आहे असे मला वाटत नाही. प्रत्यक्ष पाऊस आणि सरासरी पाऊस एकाच चौकटीत दाखवायचे असतील, तर एकामागून एक दोन आज्ञा देऊन काम होते. फक्त संपले कधी, हे साधनाला आपण सांगावे लागते.

आणि ते सांगायचे राहून जाते, कारण बऱ्याचदा दुसरेच कुणी आपल्या नकळत फळा पुसत असते. ज्युपिटर नोटबुकमध्ये आज्ञा एकेका कप्प्यात लिहून चालवतात. नेहमीच्या मांडणीत कप्पा पूर्ण झाला, की त्यातला आलेख दाखवून फिगर आपोआप बंद केली जाते. त्यामुळे एका कप्प्यात एक गाव, दुसऱ्यात दुसरे, असे तपासून पाहिले तर सगळे ठीक निघते. तोच मजकूर एका कप्प्यात लूपमध्ये घातला, की आलेख एकमेकांवर चढतात. साध्या प्रोग्रॅममध्येही असाच चकवा आहे. आधी `plt.show()` लिहून आलेख पडद्यावर पाहिले जातात. आपण खिडकी बंद करतो, तिच्याबरोबर फिगरही जाते आणि पुढच्या फेरीला कोरी फिगर मिळते. मग गावे वाढतात, प्रत्येक खिडकी हाताने बंद करणे नकोसे होते, आणि `show` काढून तिथे `savefig` घातले जाते. दोष शिरतो तो नेमका या बदलात, आणि माणूस मात्र तो आकड्यांमध्ये शोधत बसतो.

पांडास वापरणाऱ्यांना याचा आणखी एक अवतार भेटतो. पूर्ण तक्त्यावर, म्हणजे डेटाफ्रेमवर, `.plot()` चालवले की पांडास नवी फिगर उघडते. त्याच तक्त्याचा एक स्तंभ, म्हणजे सिरीज, उचलून `.plot()` केले, की आलेख चालू फिगरवर जातो. म्हणून काल नीट चालणारा लूप आज एकच स्तंभ निवडताच बिघडतो. सीबॉर्नमध्येही `histplot` चालू चौकटीत काढते, तर `displot` स्वतःची नवी फिगर आणते.

उपाय म्हणून लूपच्या सुरुवातीला नुसते `plt.figure()` लिहिणारे बरेच आहेत. नवी फिगर मिळते, स्तंभ एकमेकांवर चढत नाहीत आणि प्रश्न सुटल्यासारखा वाटतो. पण जुन्या फिगर गेलेल्या नसतात. `plt` प्रत्येक उघड्या फिगरची नोंद स्वतःकडे ठेवते, त्यामुळे आपल्याकडचे नाव दुसऱ्या फिगरला दिले तरी आधीची स्मृतीत राहते. एकविसावी फिगर उघडताच, वीसपेक्षा जास्त फिगर उघड्या आहेत आणि त्या स्वतः बंद करेपर्यंत स्मृती अडवून ठेवतील, असा इशारा पडद्यावर येतो. मूळ आकाराचे चित्र ६४० गुणिले ४८० ठिपक्यांचे असते आणि प्रत्येक ठिपक्याला चार बाइट लागतात, म्हणजे नुसत्या रंगांचेच सुमारे बारा लाख बाइट झाले. तीन गावांना हे जाणवणार नाही. हजारो गावांचा लूप मात्र हळूहळू जड होत जातो आणि कधी मधेच कोसळतो. हा इशारा बंद करण्याची सोय मॅटप्लॉटलिबमध्ये आहे. ती वापरली तर फक्त इशारा जातो, अडलेली स्मृती सुटत नाही.

दुसरा उपाय म्हणजे चित्र साठवल्यावर `plt.clf()` लिहिणे. ही आज्ञा पूर्ण फिगर पुसते आणि तीच पुन्हा वापरायला देते. `plt.cla()` फक्त चालू चौकट पुसते. शेजारी रंगपट्टी लावली असेल तर ती तशीच राहते, दर फेरीला नवी पट्टी येते आणि मूळ आलेख आक्रसत जातो. `clf` ने साधे काम होते. पण ती लूपच्या शेवटी असते, आणि एखाद्या गावाचे स्तंभ काढून झाल्यावर काही अटीमुळे `continue` ने फेरी अर्धवट सोडली, तर पुसायची आज्ञा चालतच नाही आणि त्या गावाचे स्तंभ पुढच्या गावाच्या चित्रात उतरतात. म्हणून फिगर प्रत्येक फेरीच्या आरंभी नवी घ्यावी, तिला नाव द्यावे, त्या नावानेच काम करावे आणि शेवटी तीच बंद करावी:

```python
for gaav in gaave:
    fig, ax = plt.subplots()
    ax.bar(mahine, paus[gaav], color="steelblue")
    ax.set_title(gaav)
    fig.savefig(gaav + ".png")
    plt.close(fig)
```

आता ‘चालू फिगर कोणती’ हा प्रश्नच पडत नाही. स्तंभ `ax` मध्ये जातात, चित्र `fig` चे निघते. मधे एखादी फेरी अर्धवट सुटली, तरी फार तर एक फिगर उघडी राहील, दुसऱ्या गावाचा पाऊस चित्रात शिरणार नाही.

आधीच काढून ठेवलेल्या आलेखांचा भरवसा धरावा का, हे तपासणे सोपे आहे. जुन्या लूपमध्ये `savefig` च्या आधी `print(len(plt.gca().patches))` लिहिले, की चौकटीत किती स्तंभ आहेत ते कळते. निरोगी लूपमध्ये दर वेळी ४ यायला हवेत, आपल्या लूपमध्ये ४, ८, १२ येतील. स्तंभांना `alpha=0.5` देऊन ते अर्धपारदर्शक केले, तरी जिथे एकावर एक चढले आहेत तिथे रंग गडद दिसतो. प्रोग्रॅममध्ये काही बदलायचेच नसेल, तर गावांचा क्रम उलटा करून तो पुन्हा चालवावा. तिसरे गाव आता पहिले येईल आणि त्याच्या जुलैचा स्तंभ २६० वर उतरेल. पहिले गाव सर्वांत शेवटी येईल आणि त्याच्या नावाखाली २४०, ४२०, ३५० आणि १७० दिसतील. आधीच्या क्रमात हेच चार आकडे तिसऱ्या गावाच्या नावाखाली आले होते, कारण क्रम कोणताही असला तरी शेवटच्या चित्रात तिन्ही गावांचे कमाल आकडेच उरतात.