भार उतरतो, पोलाद मात्र चढतच असतं

अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत ज्यांनी यूटीएमवर पोलादाचा नमुना ताणून तोडला आहे, त्यांना तो आलेख पाठ असतो. रेषा चढत जाते, माथ्यावर थोडी रेंगाळते, मग खाली वळते आणि मोठा आवाज होऊन नमुना तुटतो. त्या उताराकडे बोट दाखवून बहुतेक जण सांगतात, ‘इथं पोलाद थकलं.’ ते खरं नाही. उतारावरही पोलाद आणखी कठीणच होत असतं. कमी होतो तो फक्त यंत्रावर दिसणारा भार.

गोंधळाचं मूळ एका भागाकारात आहे. ताण म्हणजे भार भागिले क्षेत्रफळ. पण नेहमीच्या अहवालात हे क्षेत्रफळ चाचणी सुरू होण्याआधी मोजलेलं असतं. १२.५ मिलिमीटर व्यासाचा, ५० मिलिमीटर मापलांबीचा नमुना घेतला, तर ते १२२.७ चौरस मिलिमीटर भरतं. पुढं नमुना लांबतो तसा बारीक होत जातो, कारण धातूचं आकारमान जवळपास तेवढंच राहतं. भागाकार मात्र त्या जुन्याच आकड्यानं चालू असतो. याला नाममात्र ताण म्हणू. त्या त्या क्षणीच्या क्षेत्रफळानं भागलं की मिळतो तो खरा ताण.

लांबीच्या हिशेबातही अशीच दुरुस्ती लागते. ५० मिलिमीटरचे ६० केले, ही २० टक्के वाढ. ६० चे ७२ केले, ही पुन्हा २० टक्के. एकूण वाढ मात्र ४० नव्हे, ४४ टक्के होते. म्हणून प्रत्येक बारीकशी वाढ त्या वेळच्या लांबीनं भागून बेरीज करायची. ही बेरीज म्हणजे नव्या आणि जुन्या लांबीच्या गुणोत्तराचा नैसर्गिक लॉगरिदम, म्हणजेच खरी विकृती. वरच्या दोन्ही टप्प्यांत ती सारखीच, ०.१८२ येते आणि बेरीज बरोबर जुळते.

खरा ताण आणि खरी विकृती यांचा आलेख काढला की माथाही दिसत नाही आणि उतारही नाही. वक्ररेषा वर वर जाते, फक्त तिची चढण हळूहळू सौम्य होते. १९४५ मध्ये अमेरिकी धातुशास्त्रज्ञ हॉलोमन यांनी या चढाला एक सुटसुटीत सूत्र दिलं:

σ = K εⁿ

σ हा खरा ताण, ε ही खरी विकृती. K आणि n हे त्या धातूचे आकडे. n मोठा असेल तर धातू ताणताना पुढंही जोमानं कठीण होत राहतो. असं का होतं? धातूच्या स्फटिकांमधले रचनादोष सरकतात, म्हणून धातू लांबतो. लांबता लांबता हे दोष वाढतात, एकमेकांत अडकतात आणि पुढचं सरकणं अवघड करून ठेवतात.

आता एक उदाहरण सोडवून पाहू. अतिशय कमी कार्बनच्या, तापवून मऊ केलेल्या पोलादासाठी पाठ्यपुस्तकांत K = ५३० मेगापास्कल आणि n = ०.२६ असे आकडे दिलेले असतात. समजा आपला नमुना ०.१० विकृतीपर्यंत आला आहे. सूत्रानुसार खरा ताण २९१ मेगापास्कल, भार ३२.३ किलोन्यूटन. इथून नमुना आणखी एक टक्का लांबवला, तर क्षेत्रफळ एक टक्क्यानं घटतं. त्याच वेळी धातूचा ताण झेलण्याचा जोर सुमारे २.६ टक्क्यांनी वाढतो. हा आकडा सूत्रातूनच निघतो: n भागिले ε. कमाई खर्चाहून जास्त, म्हणून भार चढतो.

विकृती वाढते तसं हे n/ε घसरत जातं. ε बरोबर ०.२६ झाली की कमाई एक टक्का, खर्चही एक टक्का. भार ३५.३ किलोन्यूटनवर टेकतो. खरा ताण ३७३ मेगापास्कल, नाममात्र ताण २८८, व्यास जवळपास ११ मिलिमीटर आणि लांबी सुमारे ६५. नमुना सगळीकडे सारखाच बारीक होत राहिला असं मानून विकृती ०.३२ वर नेली, तर खरा ताण ३९४ पर्यंत चढतो आणि भार ३५.१ वर येतो. धातू कठीण होतोय, भार उतरतोय. दोन्ही एकाच वेळी.

प्रत्यक्षात मात्र नमुना तसा सारखा बारीक होत नाही. कितीही काळजीनं लेथवर कातला, तरी एखादी जागा केसभर कमी जाडीची राहतेच. माथ्याच्या आधी ही जागा थोडी जास्त लांबली, की ती जास्त कठीणही होते आणि लांबण्याची पाळी शेजारच्या भागावर जाते. दोष आपोआप बुजतो. माथ्यानंतर तीच जागा बारीक होते, पण तेवढ्या प्रमाणात कठीण होत नाही. मग उरलेलं सगळं लांबणं तिथंच जमा होतं आणि नमुन्याला कंबर पडते. इंग्रजीत तिला मान म्हणतात. ही सीमा कुठं असते, हे फ्रेंच अभियंता कोंसिदेर यांनी १८८५ मध्येच सांगितलं होतं: खऱ्या आलेखाची चढण जिथं खऱ्या ताणाइतकी होते, तिथं. हॉलोमनचं सूत्र त्यात घातलं की उत्तर ε = n असं एका ओळीत सुटतं. पत्र्याचं प्रेसकाम करणारे n चा आकडा का विचारतात, ते यावरून कळावं. पत्रा कुठंही कंबर न पडता किती ताणला जाईल, याचा अंदाज त्यात असतो.

कंबर पडली की मापनाची पद्धत बदलावी लागते. ५० मिलिमीटरच्या मापलांबीवर बसवलेला एक्स्टेन्सोमीटर आता निव्वळ सरासरी सांगतो आणि ती सरासरी निरुपयोगी असते. सर्वांत बारीक जागेचा व्यास मोजून विकृती काढावी लागते. तिथला ताणही सरळ राहत नाही. कंबरेच्या वळणामुळं आत बाजूंनीही ओढ निर्माण होते, त्यामुळं भार भागिले क्षेत्रफळ हा आकडा वाजवीपेक्षा मोठा येतो. त्यासाठी ब्रिजमन यांनी १९४० च्या दशकात दिलेली दुरुस्ती वापरतात. ती न करता कंबरेनंतरचे बिंदू हॉलोमनच्या रेषेत ओढूनताणून बसवले, की n चुकतो. लॉग-लॉग आलेखावर रेषा सरळ येते का, हे आधी पाहावं. सौम्य पोलादात सुरुवातीला ताण न वाढताच थोडं लांबणं होतं. तो तुकडाही हिशेबाबाहेर ठेवायचा.

याच हिशेबातून निघणारी एक गोष्ट मला फार आवडते. तोच नमुना ०.२० विकृतीपर्यंत ओढून भार काढून घ्या. व्यास आता ११.३ मिलिमीटर आहे. कोणाला इतिहास न सांगता, लगेच नव्या मापानं पुन्हा चाचणी करा. अहवालात बळकटी २८८ ऐवजी ३५२ मेगापास्कल येईल आणि पोलाद ‘सुधारलं’ असं वाटेल. पण कंबर पडण्याआधी ते जेमतेम सहा टक्के लांबेल. मूळ नमुना तीस टक्के लांबला होता. आणि यंत्राच्या तबकडीवर सर्वाधिक भार किती दिसेल? पूर्वीइतकाच, ३५.३ किलोन्यूटन. आधी ओढून ठेवल्यानं नमुन्याची भार उचलण्याची कमाल एका न्यूटननंही वाढलेली नसते. घटलेल्या क्षेत्रफळानं भागल्यामुळं आकडा तेवढा मोठा झालेला असतो.