खरं उत्तर माहीत नसताना चूक कशी मोजायची?

दोन खुंट्यांमध्ये ताणलेल्या तारेवर सगळीकडे सारखा भार टाकला की ती खाली वाकते. तारेची लांबी, ताण आणि एकक लांबीवरचा भार हे तिन्ही १ मानले, तर तिचा आकार x(1−x)/2 या सूत्राने मिळतो आणि मधोमध ती १/८ इतकी खाली जाते. पुलाचा खांब किंवा विमानाचा पंख घेतला, तर असं सूत्र हाती लागत नाही. तिथे अभियंते फायनाइट एलिमेंट पद्धत वापरतात. वस्तूचे लहान तुकडे पाडून जाळी करायची, प्रत्येक तुकड्यावर साधा, बहुधा सपाट आकार धरायचा आणि ते तुकडे जोडून उत्तर काढायचं.

पण खरं उत्तर ठाऊकच नाही, तर काढलेलं उत्तर त्यापासून किती दूर आहे हे कसं कळणार?

या प्रश्नाची किल्ली रशियन अभियंता बोरिस गालेर्किन यांच्या नावाच्या अटीत आहे. त्यांचा दांड्या आणि पत्र्यांवरचा लेख १९१५ सालचा. समतोलाचं समीकरण प्रत्येक शक्य आकाराच्या कसोटीवर तपासणं अशक्य, म्हणून ते फक्त जाळीतून तयार होणाऱ्या आकारांच्या कसोटीवर तपासायचं, अशी ही अट. खरं उत्तर सगळ्याच कसोट्यांना उतरतं, म्हणजे जाळीच्या कसोट्यांनाही. दोन्ही उत्तरांसाठी भार एकच असतो, त्यामुळे त्यांची वजाबाकी केली की भार निघून जातो. उरते ती चूक, आणि ती जाळीतल्या प्रत्येक आकाराला लंब असते. लंब म्हणजे काय? तारेपुरतं सांगायचं तर चुकीचा उतार आणि त्या आकाराचा उतार यांचा गुणाकार तारेभर मिळवला की बेरीज शून्य येते.

शाळेतल्या भूमितीत एखाद्या बिंदूपासून रेषेपर्यंतचं सर्वांत कमी अंतर म्हणजे लंबाची लांबी. इथेही तेच घडतं, आणि ते आकड्यांत पाहता येतं. तारेचे दोनच तुकडे करा. मधल्या सांध्याशी ती c इतकी खाली गेली असं धरलं, तर तिचा आकार म्हणजे दोन सरळ रेषांचा एक कोन. गालेर्किनची अट c = 1/8 देते. उतारांमधल्या फरकाचा वर्ग तारेभर मिळवून चूक मोजली, तर ती १/४८ येते. दुसरी कुठलीही c घेतली की तीच चूक 1/48 + 4(c − 1/8)² होते. हा पायथागोरसच आहे, आणि दुसरं पद कधीच ऋण होत नाही. म्हणजे या जाळीत याहून चांगलं उत्तर नाही.

खरी करामत पुढे आहे. गालेर्किनचं उत्तर जाळीतल्या कोणत्याही आकाराइतकं किंवा त्याहून चांगलं असेल, तर तुलनेसाठी सोयीचा प्रतिस्पर्धी निवडता येतो. खऱ्या वक्राला सांध्यांवर नेमका स्पर्श करणारा आकार, म्हणजे अंतर्वेशन, हा तो प्रतिस्पर्धी. तो प्रत्यक्ष काढता येत नाही, पण त्याची चूक किती हे आधीच सांगता येतं, कारण ती वक्र किती वाकतो आणि तुकडा किती मोठा आहे यावर ठरते. समीकरण न सोडवताच चुकीला कमाल मर्यादा मिळते. झां सेआ यांनी १९६४ साली ही तुलना सिद्धान्तरूपात मांडली. (तारेच्या उदाहरणात दोन्ही आकार एकच निघतात. ते एकमितीय समीकरणाचं वैशिष्ट्य आहे, पत्र्यावर ते वेगळे असतात.)

तारेचे चार तुकडे केले की चुकीचा वर्ग १/४८ वरून १/१९२ वर येतो, म्हणजे तुकडा निम्मा झाला की चूकही निम्मी होते. हा हिशोब तपासणीलाही उपयोगी पडतो. L आकाराच्या पत्र्यात आत वळलेल्या कोपऱ्याशी ताण अनंताकडे जातो, वक्र गुळगुळीत राहत नाही आणि जाळी निम्मी केली तरी चूक सुमारे ०.६३ पटच होते. असा दर दिसला की कोपऱ्याजवळ जाळी बारीक करावी लागते. जोरदार प्रवाहात वाहून जाणाऱ्या धुराच्या समीकरणात तर पायथागोरस लागूच होत नाही. सेआंची मर्यादा टिकते, पण तिच्यासमोर एक गुणक येतो. प्रवाह जितका वरचढ तितका तो मोठा, आणि जाडसर जाळीवर उत्तरात खोट्या लाटा उमटतात.

आणि सर्वोत्तम म्हणजे पुरेसं असं हा सिद्धान्त म्हणत नाही. २३ ऑगस्ट १९९१ रोजी नॉर्वेत स्टाव्हांगरजवळच्या फ्योर्डमध्ये स्लाइप्नर ए या तेल-वायू मंचाचा काँक्रीटचा पाया चाचणीदरम्यान बुडाला. तीन कोठ्या जिथे भेटतात त्या भिंतींवर जाळी जाड आणि तुकडे तिरके होते. अशा तुकड्यांवर अंतर्वेशनच वाईट, मग त्यावरचं उत्तर कितीही चोख काढलं तरी ते खऱ्यापासून दूरच राहतं. कातरताण सुमारे ४७ टक्के कमी धरला गेला आणि सळया अपुऱ्या पडल्या. नंतर नीट केलेल्या गणिताने भिंत ६२ मीटर खोलीवर फुटेल असं सांगितलं. ती प्रत्यक्षात ६५ मीटरवर फुटली होती.