बडतर्फ कर्मचाऱ्याबद्दल खरं किती सांगता येतं?

नवी कंपनी उमेदवाराच्या जुन्या कंपनीला विचारते, "हा माणूस तुमच्याकडे कसा होता? नोकरी का सुटली?" माणूस बडतर्फ झालेला असेल, तर एचआर अधिकारी बहुधा पद आणि तारखा सांगून फोन ठेवतो. खरं बोललो तरी अब्रुनुकसानीचा दावा होईल, अशी त्याला धास्ती असते. भारतीय कायदा पाहिला, तर ही धास्ती बऱ्याच अंशी अनाठायी आहे. फक्त काय बोलायचं, याची शिस्त हवी.

आपल्याकडे बदनामीचे दोन मार्ग आहेत. नुकसानभरपाईच्या दिवाणी दाव्यात विधान खरं असल्याचं सिद्ध झालं, की बचाव पूर्ण होतो. फौजदारीत, म्हणजे भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ खाली, नुसतं खरं असून भागत नाही. ते सांगणं लोकहिताचं होतं, हेही दाखवावं लागतं. पण याच कलमात मालकाच्या कामाचे आणखी दोन अपवाद आहेत. स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या हितरक्षणासाठी सद्भावनेनं केलेलं विधान, आणि ज्याला सांगतो त्याच्या भल्यासाठी सद्भावनेनं दिलेली सूचना, ही बदनामी ठरत नाही. मात्र कायद्यातली सद्भावना म्हणजे मन साफ असणं एवढंच नव्हे. पुरेशी काळजी घेऊन, खातरजमा करून बोललेलं असावं लागतं.

समजा, पुण्यातल्या एका औषध वितरकानं आपल्या रोखपालाला बडतर्फ केलं. आरोप दोन होते. एका महिन्यात तीनदा वसुलीची रक्कम त्याच दिवशी बँकेत भरली नाही, आणि ती मधल्या काळात स्वतःसाठी वापरली. आरोपपत्र दिलं, चौकशी झाली, रोखपालाला साक्षीदारांची उलटतपासणी घेता आली. पहिला आरोप सिद्ध झाला, दुसरा झाला नाही. रक्कम आठवडाभरात पूर्ण जमा झाली होती. आता एक पतसंस्था त्याला रोखपाल म्हणून घेऊ पाहते आणि वितरकाला ई-मेलनं विचारते.

"पैसे खाणारा माणूस आहे, जवळ करू नका," असं उत्तर गेलं, तर वितरक अडचणीत येईल, कारण त्याच्याच चौकशी अहवालात तसं म्हटलेलं नाही. त्याऐवजी त्यानं असं लिहावं : "वसुलीची रक्कम तीन वेळा मुदतीत न भरल्याचा आरोप चौकशीत सिद्ध झाल्यामुळे त्यांना बडतर्फ केले. रक्कम नंतर पूर्ण जमा झाली. ती स्वतःसाठी वापरल्याचा आरोप सिद्ध झाला नाही." हे उत्तर कडक आहे, पण त्यातल्या प्रत्येक शब्दामागे कागद आहे. शेवटची दोन वाक्यं गाळली, तर पहिलं वाक्य खरं असूनही वाचणाऱ्याला अफरातफरीचा वास येईल. अर्धं सांगून पुरता संशय पेरला, तर सत्याचा बचाव लंगडा पडतो.

सूचक बोलणंही सुरक्षित नाही. याच कलमातलं एक उदाहरण बोलकं आहे : 'झेड प्रामाणिक आहे, त्यानं बीचं घड्याळ कधीच चोरलं नाही,' असं म्हणणारा माणूस झेडनंच चोरलं असं भासवू पाहत असेल, तर ती बदनामीच होय. त्यामुळे "त्याच्याबद्दल न बोललेलंच बरं" असं आवाज खाली आणून म्हणणारे साहेब समजतात तेवढे सुरक्षित नसतात.

ऐकणारा कोण, हेही तितकंच महत्त्वाचं. पतसंस्थेला माहिती हवी आहे, म्हणून तिला दिलेलं उत्तर अपवादात बसू शकतं. तोच मजकूर एचआरवाल्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकला, तर हितरक्षणाचं कारण सांगणं फार अवघड जाईल. आणि पुढे कामगार न्यायालयानं बडतर्फी रद्द केली, तर जुनंच उत्तर पुन्हा पाठवणं निष्काळजीपणाचं ठरेल.

धोका फोनपेक्षा बडतर्फीच्या पत्रातच अधिक असतो, असं मला वाटतं. २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं एका मोठ्या आयटी कंपनीला याच कारणावरून दोन लाख रुपये भरपाई द्यायला लावली. सेवासमाप्तीच्या पत्रात कर्मचाऱ्याच्या वागण्याला द्वेषपूर्ण म्हटलं होतं, आणि कामाच्या नोंदी तर चांगल्या होत्या. पत्र त्याच्याच हाती दिलं होतं, तरी नव्या नोकरीसाठी ते त्याला दाखवावं लागणारच, हे न्यायालयानं लक्षात घेतलं आणि तो मजकूर वगळून नवं पत्र द्यायला सांगितलं.

म्हणून मालकांनी पत्रात आणि फोनवर विशेषणं टाळावीत, चौकशीत सिद्ध झालं तेवढंच सांगावं आणि उत्तर शक्यतो लेखी द्यावं. कर्मचाऱ्यानं चौकशी अहवालाची प्रत जपून ठेवावी. खोटं लिहिलं गेलं असेल, तर दिवाणी दाव्याची मुदत मजकूर प्रसिद्ध झाल्यापासून एकच वर्ष असते.